इज की आर? वन ऑफ द, अ नंबर ऑफ, द नंबर ऑफ, अलॉन्ग विथ आणि ॲज वेल ॲज बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात घरीच इंग्लिशचे क्लास घेते मी. खानापूर, येळ्ळूर, कडोलीकडची मराठी मीडियमची पोरं येतात, काही एसएसएलसीची, काही पीयूसीची, आणि संध्याकाळच्या बॅचला नोकरीच्या परीक्षा देणारी मोठी मुलं. सगळ्यांच्या वहीत एक चूक हमखास सापडते, ती म्हंजे वाक्यात दोन-तीन नावं आली की क्रियापद नेमकं कुणाच्या मागं जाणार ते कळत नाही. तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय. इंग्लिश वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहिलीत, मोठ्यानं वाचा, कानाला सवय लागणं यात महत्त्वाचं आहे.

मुळात हा गोंधळ होतो कशामुळे?

खानापूरकडची एक मुलगी आहे, नववीतली, तिनं निबंधात लिहिलं होतं, "वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह इन निपाणी." मी लिव्हखाली रेघ मारली तर म्हणाली, "फ्रेंड्सला एस लावलाय की टीचर, मग परत लिव्ह्ज कसं लिहायचं?" तिचं म्हणणं चुकीचं होतं पण बिनडोक नव्हतं. क्रियापदाच्या अगदी शेजारी फ्रेंड्स बसलंय, ते अनेकवचनी आहे, म्हणून तिनं त्याच्याशी जुळवलं.

मी तिला तेच वाक्य मराठीत सांगायला लावलं. लगेच म्हणाली, "माझ्या मैत्रिणींपैकी एक निपाणीला राहते." म्हटलं, राहतात का नाही म्हणालीस? मैत्रिणी तर पुष्कळ आहेत ना? ती थांबली आणि म्हणाली, "राहणारी एकच आहे की."

मराठीत तिची चूक होणारच नव्हती, आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे नावाला पैकी, सोबत, सकट, ची, ने असं काही चिकटलं की ते नाव बदलतं, मैत्रिणीचं मैत्रिणीं होतं, मुलंचं मुलां होतं, आणि असं बदललेलं नाव क्रियापदाला कधीच ओढत नाही. "मुलांपैकी एक येतो" यात मुलां दिसल्यावर कुणी येतात म्हणत नाही. इंग्लिशमध्ये मात्र ऑफ, विथ हे शब्द नावाच्या आधी येतात आणि नाव होतं तसंच राहतं. फ्रेंड्स कर्ता असला तरी फ्रेंड्स, आणि ऑफच्या मागं बसला तरी फ्रेंड्सच. त्याच्या चेहऱ्यावरून कळतच नाही की हा आता क्रियापदाचा मालक राहिलेला नाही. सगळा गोंधळ एवढ्याच एका गोष्टीचा आहे.

मग ओळखायचं कसं? काही सोपी पद्धत?

वाक्य मनात मराठीत करा आणि बघा कुठल्या नावाला प्रत्यय चिकटला. ज्याला चिकटला ते नाव बाद, आणि जे कोरं राहिलं त्याच्याप्रमाणे क्रियापद. पाचही शब्दांना ही पद्धत चालते, फक्त मराठी अर्थ नेमका घ्यायला पाहिजे.

वन ऑफ द म्हंजे "-पैकी एक", द नंबर ऑफ म्हंजे "-ची संख्या", अ नंबर ऑफ म्हंजे "कित्येक" किंवा "बरेच", अलॉन्ग विथ म्हंजे "-सोबत", आणि ॲज वेल ॲज म्हंजेसुद्धा "-सकट" किंवा "-बरोबर". शेवटच्याला बरेच जण "तसेच" लिहून ठेवतात आणि तिथंच फसतात, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय.

ही मराठीची पद्धत कधी फसते का?

दोन ठिकाणी फसते, आणि दोन्ही मी वह्यांमध्ये पाहिलीत म्हणून आधीच सांगते.

एक म्हंजे भूतकाळ. "मुलींपैकी एकीनं पुस्तकं आणली" असं मराठीत म्हणतो आपण, इथं आणली हे पुस्तकांप्रमाणे चाललंय, आणणाऱ्या मुलीप्रमाणे नाही. इंग्लिशमध्ये असं काही होत नाही, तिथं क्रियापद कायम करणाऱ्याच्याच मागं जातं. म्हणून तपासताना वाक्य वर्तमानकाळात घ्या, "मुलींपैकी एक पुस्तकं आणते", मग बरोबर उत्तर मिळतं.

दुसरं म्हंजे आदर. आपण "हेडमास्तर आलेत", "बाबा मुलांसोबत गेलेत" असं बोलतो, माणूस एकच पण मान द्यायचा म्हणून अनेकवचन. मग पोरं "द हेडमास्टर आर कमिंग" लिहितात. इंग्लिशमध्ये आदराला वेगळं क्रियापद नाही, मुख्यमंत्री असू देत नाहीतर आजोबा, ही इज, शी इज. तेव्हा मनात वाक्य करताना हेडमास्तरच्या जागी "मुलगा" ठेवून बघा, "मुलगा मित्रांसोबत आलाय", लगेच एकवचन हाताला लागतं.

वन ऑफ द नंतर नाव अनेकवचनी का? एकच आहे ना शेवटी?

कारण एक काढायला आधी ढीग पाहिजे. "वन ऑफ द बॉय" म्हंजे "मुलापैकी एक", मराठीतच ते विचित्र वाटतं. नाव अनेकवचनी, क्रियापद एकवचनी, हे दोन्ही एकाच वाक्यात लागतं: "वन ऑफ द बसेस इज लेट", "वन ऑफ माय ब्रदर्स वर्क्स इन पुणे".

सगळ्यात जास्त चूक होते ती मोस्ट किंवा बेस्ट मध्ये आल्यावर. "राजहंसगड इज वन ऑफ द मोस्ट ब्युटिफुल प्लेस निअर बेळगाव" असं निबंधात नेहमी येतं, बरोबर आहे प्लेसेस. मोस्ट ब्युटिफुल हे शब्द मध्ये घुसले की आपण ऑफला विसरतो. आणि नोकरीच्या अर्जात "वन ऑफ माय हॉबी" हे तर मी किती वेळा दुरुस्त केलंय. हॉबीज लिहा.

फर्निचर, लगेज, इन्फर्मेशन असले शब्द मोजता येत नाहीत, त्यांना अनेकवचन नाही, म्हणून वन ऑफच्या मागं ते बसतच नाहीत. वन ऑफ द लगेज ऐवजी वन ऑफ द बॅग्ज म्हणा, संपलं.

वन आणि क्रियापद यांच्यात लांबलचक मजकूर आला तर?

तरी काही बदलत नाही, पण चूक होण्याची शक्यता वाढते. "वन ऑफ द बसेस गोइंग टू खानापूर अँड नंदगड ऑन संडेज इज ऑलवेज फुल." इथं इजच्या आधी संडेज आहे, त्याच्या आधी दोन गावांची नावं आहेत, त्याच्या आधी बसेस आहे, सगळं मिळून कानात अनेकवचन घुमायला लागतं. क्रियापदापाशी आलात की मागं जाऊन विचारा, फुल कोण असते? बसेसपैकी एक. म्हणून इज.

पेपर काढणारे याच जागेचा फायदा घेतात. मधला मजकूर ते उगाच घालत नाहीत, शेवटचा शब्द क्रियापदाच्या उलट वचनाचा असेल अशी बरोबर मांडणी करतात. त्यामुळे वाक्य लांब दिसलं की पेन्सिलीनं ऑफपासून क्रियापदाच्या आधीपर्यंतचा सगळा भाग कंसात टाका आणि उरलेलं वाचा.

वन ऑफ द टीचर्स हू स्पीक की हू स्पीक्स? इथं तर सगळेच भांडतात.

हा प्रश्न खरंच अवघड आहे, आणि चांगली इंग्लिश येणारी माणसंही यात अडखळतात. सावकाश वाचा.

"शी इज वन ऑफ द टीचर्स हू स्पीक कन्नड." यात दोन क्रियापदं आहेत. पहिलं इज, ते शीचं आहे, त्याबद्दल वाद नाही. दुसरं स्पीक, ते हूच्या मागं आलंय, आणि हू म्हंजे कोण ते ठरवायचंय. मराठीत सांगा: "कन्नड बोलणाऱ्या शिक्षिकांपैकी ती एक." बोलणाऱ्या हा शब्द कुणाला लागला? शिक्षिकांना. म्हंजे कन्नड बोलणाऱ्या शिक्षिका बऱ्याच आहेत आणि ही त्यांच्यातली एक. म्हणून हू म्हंजे टीचर्स, आणि क्रियापद अनेकवचनी, स्पीक.

आता ओन्ली घाला. "शी इज द ओन्ली वन ऑफ द टीचर्स हू स्पीक्स कन्नड." मराठीत: "शिक्षिकांमध्ये कन्नड बोलणारी ती एकटीच." आता बघा, बोलणाऱ्याचं बोलणारी झालं, कारण तो शब्द आता फक्त तिला लागतोय, बाकीच्या बोलतच नाहीत. म्हणून स्पीक्स. मला हे मराठीचं फार आवडतं, बोलणारा, बोलणारी, बोलणाऱ्या, हा शब्द स्वतःच सांगतो की तो कुणाचा आहे. इंग्लिशमध्ये हू कायम हूच राहतो, काही सांगत नाही, म्हणून त्यांचं त्यांनाही जमत नाही.

खरं सांगायचं तर चांगल्या इंग्लिश लिहिणाऱ्यांच्या लेखनातही ओन्ली नसताना स्पीक्स दिसतं, कारण त्यांचं लक्ष त्या एकीवर असतं. त्याला अडाणीपणा म्हणायचं कारण नाही. पण परीक्षेत वर सांगितलंय तसंच लिहा, तिथं ओन्ली नसेल तर अनेकवचन अपेक्षित असतं.

अ नंबर ऑफ आणि द नंबर ऑफ, एका अक्षरानं एवढा फरक कसा पडतो?

शब्द तोच आहे पण काम वेगळं आहे. दोन मराठी वाक्यं घ्या.

"शाळेतल्या मुलांची संख्या कमी होतेय." काय कमी होतेय? संख्या. मुलं कमी होतायत असं अर्थानं म्हणता येईल पण या वाक्यात मुलांना ची चिकटलंय, ती बाद झाली, कोरी राहिली संख्या. इंग्लिशमध्ये "द नंबर ऑफ स्टुडंट्स इन द स्कूल इज फॉलिंग." एकवचन.

"कित्येक मुलं खानापूरहून येतात." इथं संख्या हा शब्दच नाही, कित्येक हे मुलांचं विशेषण आहे आणि मुलं कोरी आहेत. "अ नंबर ऑफ स्टुडंट्स कम फ्रॉम खानापूर." अनेकवचन. म्हंजे अ नंबर ऑफ हे तीन शब्द मिळून मेनी किंवा सेव्हरलचं काम करतात, त्यातल्या नंबरला वेगळा जीव नाही.

मुलं विचारतात की पण ऑफ तर तिथंही आहे, मग ऑफच्या मागचं नाव बाद होतं हा नियम कुठं गेला? बरोबर शंका आहे. उत्तर मराठीतच आहे. आपण म्हणतो, "सभेला मोठ्या संख्येनं लोक आले." इथं संख्या शब्द आला की, पण त्यालाच नं चिकटलाय, तीच बाद झालीय, आणि लोक कोरे राहिलेत म्हणून आले. अ लार्ज नंबर ऑफ पीपलचं नेमकं हेच आहे, दिसायला नंबर पुढं उभा आहे पण खरा मालक मागचा. इंग्लिशनं तो प्रत्यय दाखवला नाही एवढंच.

तपासायला एक झटपट उपाय: नंबर ऑफ काढून तिथं मेनी ठेवा. "मेनी स्टुडंट्स कम फ्रॉम खानापूर", अर्थ तोच राहिला, म्हंजे अनेकवचन. "मेनी स्टुडंट्स इन द स्कूल इज फॉलिंग", अर्थच गेला, मुलं पडायला लागली. म्हंजे इथं नंबर खरा आहे, एकवचन.

एक राहिलंच, दोन्हीकडे मागचं नाव अनेकवचनीच असतं, द नंबर ऑफ स्टुडंट चालत नाही. आणि पाणी, तांदूळ, पैसा असल्या मोजून न सांगता येणाऱ्या गोष्टींना नंबर लागत नाही, तिथं अमाउंट.

अ लार्ज नंबर, अ ग्रोइंग नंबर असं असेल तर?

अ आहे ना, मग अनेकवचन. "अ लार्ज नंबर ऑफ फार्मर्स ग्रो शुगरकेन हिअर." आणि द टोटल नंबर असेल तर एकवचन. विशेषणानं काही फरक पडत नाही.

देअर इज अ नंबर ऑफ की देअर आर?

देअर आर. "देअर आर अ नंबर ऑफ मराठी स्कूल्स इन द तालुका." देअर हा काही कर्ता नाही, तो नुसता जागा धरून बसलेला असतो, खरा कर्ता पुढं येतो. वन ऑफचं मात्र "देअर इज वन ऑफ देम ऑन द टेबल." प्रश्न करताना पण तसंच, "इज वन ऑफ द टीचर्स ॲबसेंट?" इथं क्रियापद आधी आणि वन मागून येतो, त्यामुळे मुलं गडबडतात, पण मालक तोच.

अलॉन्ग विथ म्हंजे शेवटी आणिच ना? मग दोघं मिळून अनेकवचन का नाही?

अर्थानं दोघं जातात हे खरंय, व्याकरणानं नाही. आपल्याच भाषेत फरक बघा. "राम आणि त्याचे मित्र यल्लम्माच्या डोंगराला जातात." "राम त्याच्या मित्रांसोबत यल्लम्माच्या डोंगराला जातो." माणसं तेवढीच, गाडी तीच, तरी पहिल्यात जातात आणि दुसऱ्यात जातो. "आणि"नं दोघांना एका पातळीवर बसवलं, "सोबत"नं मित्रांना बाजूला नेलं.

इंग्लिशमध्ये अँड म्हंजे आणि, अलॉन्ग विथ म्हंजे सोबत. "राम अँड हिज फ्रेंड्स आर गोइंग." "राम, अलॉन्ग विथ हिज फ्रेंड्स, इज गोइंग." टुगेदर विथ, नुसतं विथ, इन ॲडिशन टू, बिसाइड्स, इन्क्लुडिंग, अकम्पनीड बाय हे सगळे याच घरातले.

स्वल्पविराम दिला न दिला तरी क्रियापद बदलत नाही. काहींना वाटतं कॉमा असला तरच एकवचन, तसं नाही.

ॲज वेल ॲज चा अर्थ तर तसेच असा शिकवलाय आम्हाला.

हो, आणि त्यामुळेच यात चुका सगळ्यात जास्त. "राम तसेच श्याम येतात" हे मराठीत बरोबर वाटतं, कारण आपला तसेच हा आणिचाच भाऊ आहे, तो कुणाला चिकटत नाही, दोन्ही नावं कोरी ठेवतो. मग मुलं "राम ॲज वेल ॲज श्याम आर कमिंग" लिहितात.

इंग्लिशमधला ॲज वेल ॲज असा नाही. त्याचा सूर "श्याम तर आहेच, पण रामसुद्धा" असा आहे, भर पहिल्यावर असतो, दुसरा आधीच माहीत असलेला. म्हणून मी पोरांना वहीतला तसेच खोडून "-सकट" लिहायला लावते. "राम श्यामसकट येतो." आता श्यामला सकट चिकटलं, तो बाद, उरला राम, "राम, ॲज वेल ॲज श्याम, इज कमिंग."

बोलताना इंग्रज माणूससुद्धा इथं कधी कधी आर म्हणून जातो, विशेषतः दोघं मिळूनच काम करतायत असं डोक्यात असेल तर. लेखी इंग्लिशमध्ये आणि परीक्षेत मात्र पहिल्याप्रमाणेच. आणि तुम्हाला स्वतःला लिहायचं असेल आणि दोघांना सारखं महत्त्व द्यायचं असेल तर सरळ अँड वापरा आणि आर लिहा, ते जास्त चांगलं वाक्य होतं.

गाण्याबद्दल "शी सिंग्ज ॲज वेल ॲज हर सिस्टर" असं आलं तर तो वेगळा प्रकार आहे, तिथं अर्थ "बहिणीइतकंच चांगलं गाते" असा आहे, त्याचा या नियमाशी संबंध नाही.

पहिलं नाव अनेकवचनी आणि दुसरं एकवचनी असेल तर?

तर आर. "द स्टुडंट्स, अलॉन्ग विथ द टीचर, आर वेटिंग." नियम "अलॉन्ग विथला एकवचन" असा नाहीये हे कृपा करून लक्षात घ्या. बरीच मुलं तेवढंच पाठ करतात आणि मग इथं इज लिहून मार्क घालवतात. पहिल्याप्रमाणे, एवढंच. पहिला आय असेल तर ॲम, "आय, ॲज वेल ॲज माय फ्रेंड्स, ॲम रेडी", कानाला जरा खटकतं पण बरोबर आहे. खटकणं टाळायचं असेल तर "माय फ्रेंड्स अँड आय आर रेडी" लिहा.

परीक्षेत येतं तसं एखादं मोठं वाक्य सोडवून दाखवा की.

संध्याकाळच्या बॅचला मी हे वाक्य दिलं होतं, माझंच बनवलेलं, चूक शोधायची होती:

"द हेडमास्टर, अलॉन्ग विथ टू टीचर्स अँड अ नंबर ऑफ स्टुडंट्स हू लिव्ह इन कणकुंबी, वेअर वेटिंग फॉर द लास्ट बस."

बहुतेकांनी लिव्हला चूक ठरवलं. दोघांनी काहीच चूक नाही म्हणून सांगितलं. एकानं बरोबर वेअर पकडलं पण कारण सांगता येईना, म्हणाला, "अलॉन्ग विथ दिसलं की वॉज मारायचं, एवढं माहीत आहे."

आता पायरीनं जाऊ. वाक्यात क्रियापदं दोन, लिव्ह आणि वेअर वेटिंग. आधी मोठं घ्या. वाट कोण बघतंय? मराठीत करा, आदर काढून: "मुलगा दोन शिक्षकांसोबत आणि कित्येक विद्यार्थ्यांसोबत शेवटच्या बसची वाट बघतो." शिक्षकांना सोबत, विद्यार्थ्यांना सोबत, दोघंही बाद. टू टीचर्स आणि स्टुडंट्स यांच्यात अँड आहे हे खरं, पण तो अँड त्या दोघांना आपसात जोडतो, हेडमास्तरांशी नाही जोडत. बऱ्याच जणांना त्या अँडनंच फसवलं. कोरा राहिला एकटा हेडमास्टर, म्हणून वॉज वेटिंग.

आता लिव्ह. हूच्या मागं आलंय, हू कोण? "कणकुंबीत राहणाऱ्या विद्यार्थ्यांसोबत", राहणाऱ्या विद्यार्थ्यांना लागलं, विद्यार्थी अनेक, अ नंबर ऑफनं तर सांगितलंच आहे कित्येक म्हणून. लिव्ह बरोबर.

म्हंजे अ नंबर ऑफचा नियम आपल्या जागी बरोबर चाललाय, पण तो फक्त त्या आतल्या हूपुरता. सोबतच्या आत जे काही घडतं त्याचा बाहेरच्या क्रियापदाशी संबंध नाही. त्या मुलाला मी सांगितलं की तू वॉज बरोबर लिहिलंस पण हेडमास्टरच्या जागी द टीचर्स असतं तर तू वॉजच मारलं असतंस आणि चुकला असतास. त्यानं वाक्य परत लिहून काढलं, या वेळी कोऱ्या नावाखाली रेघ मारून.

कधी कधी चूक दिसतच नाही, बरोबर का?

बरोबर. इंग्लिश क्रियापद वचन फार कमी ठिकाणी दाखवतं: इज-आर, वॉज-वेअर, हॅज-हॅव, डज-डू, आणि साध्या वर्तमानकाळातला तो एस. "वन ऑफ द बॉइज केम", "अ नंबर ऑफ बॉइज केम", दोन्हीकडे केमच. विल, कॅन, शुड, मस्ट आलं तरी सुटका. त्यामुळे चूक शोधायच्या प्रश्नात आधी ही क्रियापदं आहेत का बघा. वाक्यात केम किंवा विल असेल तर वचनाची चूक तिथं असूच शकत नाही, दुसरीकडे शोधा, टेन्स किंवा प्रीपोझिशनमध्ये.

मागून येणारे हिज, हर, देअर पण बघायला विसरू नका. "वन ऑफ द गर्ल्स हॅज लॉस्ट हर बॅग." "अ नंबर ऑफ गर्ल्स हॅव लॉस्ट देअर बॅग्ज." हॅज बरोबर लिहून पुढं देअर लिहिणारी बरीच मुलं आहेत.

कन्नड मीडियमच्या मित्रांना हे समजावता येईल का?

येईल की, अगदी सहज. कन्नडमध्येही प्रत्यय नावाच्या मागंच चिकटतात. "मक्कळ संख्ये हेच्चागिदे" यात मक्कळ म्हंजे मुलांची, आणि हेच्चागिदे हे संख्येचं एकवचनी क्रियापद. "अनेक मक्कळु बंदरु" यात मक्कळु कोरं, म्हणून बंदरु अनेकवचन. द नंबर ऑफ आणि अ नंबर ऑफ दोन्ही मिळाले. माझ्या बॅचमध्ये दोन कन्नड मीडियमची मुलं आहेत, त्यांना मी हेच दोन वाक्यांत सांगते. फक्त आदराची अडचण त्यांनाही येते, कारण कन्नडमध्येही सरांना बंदरुच म्हणतात.

ईच ऑफ द, नायदर ऑफ द पण असंच का?

ईच ऑफ द, आयदर ऑफ द, नायदर ऑफ द हे वन ऑफ द सारखेच, मागं अनेकवचनी नाव आणि क्रियापद एकवचनी. सम ऑफ द, मोस्ट ऑफ द वेगळे आहेत, तिथं मागच्या नावावर ठरतं, "मोस्ट ऑफ द राइस इज", "मोस्ट ऑफ द बॉइज आर".

लिहून झाल्यावर स्वतःचं कसं तपासायचं?

निबंध किंवा अर्ज लिहून झाला की फक्त इज, आर, हॅज, हॅव, वॉज, वेअर, डज, डू आणि साध्या वर्तमानकाळातली क्रियापदं, एस लागलेली आणि न लागलेलीही, शोधत वरून खाली या, बाकी काही वाचू नका. प्रत्येकापाशी थांबून मराठीत "कोण?" विचारा आणि जे उत्तर येईल त्याखाली रेघ मारा. उत्तरात पैकी, सोबत, सकट, ची असलं काही चिकटलेलं नाव आलं तर तुम्ही चुकीच्या जागी रेघ मारताय, अजून मागं जा. त्या नववीतल्या मुलीनं पुढच्या आठवड्यात निबंध आणला त्यात वाक्य होतं, "वन ऑफ माय ब्रदर्स हू वर्क इन हुबळी हॅज बॉट अ बाइक." वनच्या खाली रेघ होती, आणि वर्कच्या वर पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, हुबळीला काम करणारे दोघं भाऊ आहेत, त्यांच्यातल्या एकानं घेतली.